मराठी कादंबरीचा हिंदी अनुवाद करायचाय? प्रकाशकाला पत्र असं लिहा

बहुतेक नवे अनुवादक उलट्या टोकाने सुरुवात करतात. कादंबरी आवडली की आधी तीनशे पानांचा अनुवाद उरकतात, मग तो हिंदी प्रकाशकाला दाखवतात. तिथे पहिलाच प्रश्न येतो, ‘‘मूळ प्रकाशकाची परवानगी आहे ना?’’ मग घाईघाईने पुण्या-मुंबईला पत्र जातं. तोवर वर्षभराचं काम हातात तयार असतं आणि समोरच्याला ते कळलेलं असतं. अशा वेळी अटी कुठल्या मागणार? मिळेल त्यावर सही करावी लागते.

म्हणून क्रम असा ठेवा: हक्क कोणाकडे आहेत ते शोधा, पंधरा-वीस पानांचा नमुना तयार करा, पत्र पाठवा, लेखी होकार घ्या आणि मगच पुढच्या पानांना हात घाला. स्वतःच्या वहीत अनुवाद करायला कोणी अडवत नाही. पण तो छापायचा किंवा ऑनलाइन टाकायचा हक्क कॉपीराइट कायदा, 1957 नुसार मूळ कृतीच्या हक्कधारकाचा असतो. दिवाळी अंकात एक प्रकरण द्यायचं असलं तरी परवानगी लागते.

उदाहरणासाठी एक प्रसंग धरून चालू. इंदूरची एक अनुवादिका आहे. पुण्याच्या एका प्रकाशकाने 2011 साली काढलेली 296 पानांची मराठी कादंबरी तिला हिंदीत आणायची आहे. लेखक हयात आहेत. हिंदी प्रकाशक अजून ठरलेला नाही.

पत्राआधी: हक्क कोणाचे?

पुस्तक उघडा आणि शीर्षकपानाच्या मागचं पान बघा. मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मूल्य यांच्या गर्दीत एक ओळ असते: ‘© लेखकाधीन’, ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ किंवा थेट एखाद्या व्यक्तीचं नाव. लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलीचं नाव असलेली पुस्तकंही मराठीत भरपूर सापडतील. ती ओळ हा पहिला धागा, पण शेवटचा पुरावा नव्हे. हक्क ‘लेखकाधीन’ असले तरी अनुवादाचे व्यवहार पाहायचा अधिकार लेखकाने करारात प्रकाशकाला दिलेला असू शकतो. उलट, ‘प्रकाशकाधीन’ छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात प्रकाशकाकडे फक्त मराठी आवृत्तीचा करार असतो, असंही होतं. शक्यतो सर्वांत नवी आवृत्ती बघा, कारण दरम्यान पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलेलं असू शकतं.

लेखक हयात नसतील तर मृत्यूचं साल शोधा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून 60 वर्षं हक्क टिकतात. ही मुदत पूर्वी 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचे हक्क संपत आले असताना 1992 मध्ये ती वाढवली गेली, आणि 1941 साली गेलेल्या रवींद्रनाथांचे हक्क 2001 च्या अखेरपर्यंत चालले. मुदत संपली असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. संपली नसेल तर वारस शोधावे लागतात. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या हव्यात. एका मुलाने फोनवर ‘‘करा की’’ म्हटलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

आपल्या उदाहरणात पुस्तकावर ‘© लेखकाधीन’ आहे. तरीही पत्र प्रकाशकाच्याच नावे लिहावं आणि लेखकाला प्रत द्यावी. थेट लेखकाला गाठलं की ते कौतुकाने होकार देतात, मग प्रकाशक दुखावतो आणि सगळं रेंगाळतं. मराठी प्रकाशनव्यवहार घरगुती आहे. तिथे मान राखून केलेलं काम लवकर होतं.

नेमकं कोणाकडे काय मागायचं

नवख्यांच्या पत्रात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ते पुण्याच्या प्रकाशकाला लिहितात, ‘‘मला अनुवादाची किती रॉयल्टी द्याल?’’ पण पुण्याचा प्रकाशक हिंदी पुस्तक छापणारच नाही, मग तो पैसे कुठून देईल? अनुवादकाला रॉयल्टी देतो तो हिंदी प्रकाशक. मूळ प्रकाशकाकडून आपल्याला हवी असते ती हिंदी आवृत्तीची परवानगी, ठरावीक मुदतीसाठी फक्त आपल्यालाच, आणि हिंदी प्रकाशकाशी होणाऱ्या करारात अनुवादकाचं नाव आणि वाटा राहील याची लेखी कबुली. रॉयल्टीची गोष्ट या पत्रात ‘द्या’ म्हणून येत नाही. ‘पुढे येणारे पैसे असे वाटून घेऊ’ अशा प्रस्तावाच्या रूपात येते.

मुदतबंद राखीव परवानगी सगळ्यात मोलाची. ती हातात असली की हिंदी प्रकाशकाकडे जाताना तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही, आणि पुस्तकाचं नाव तुमच्याकडून ऐकून त्याला परस्पर दुसऱ्याकडून अनुवाद करून घेता येत नाही. बारा महिने मागा. सहा महिने कमी पडतात, कारण नमुना वाचून उत्तर द्यायलाच एकेक प्रकाशक दोन-तीन महिने घेतो. दोन वर्षं मागितली तर मूळ प्रकाशक बिचकतो.

कायद्याचं कलम 19 इथे माहीत असलेलं बरं. कलम 30अ नुसार ते परवान्यांनाही लागू होतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास, तो आपोआप संपतो. शेवटची अट अनुवादकासाठी फार वाईट. 296 पानं करायला आठ-दहा महिने, पुढे संपादन, मुद्रितशोधन, छपाई. वर्ष कसं जातं कळत नाही. म्हणून मुदतीचं वाक्य पत्रातच घाला.

पत्र

एक पान, फार तर दीड. आपली साहित्यसेवा, कादंबरीने आयुष्य कसं बदललं वगैरे दोन वाक्यांत आटोपा. वाचणारा माणूस दुकान, छपाई आणि ग्रंथालयांची बिलं सांभाळत हे पत्र वाचणार आहे.

> इंदूर, दि. ……
>
> मा. संपादक,
> (प्रकाशनसंस्थेचे नाव), पुणे
>
> विषय: ‘(कादंबरीचे नाव)’, ले. (लेखकाचे नाव), प्रथमावृत्ती 2011, या कादंबरीच्या हिंदी अनुवादाच्या परवानगीबाबत
>
> स. न. वि. वि.
>
> मी मराठीतून हिंदीत अनुवाद करते. माझे अनुवाद (मासिकांची नावे, महिना व वर्ष) येथे प्रसिद्ध झाले आहेत. आपण प्रकाशित केलेल्या वरील कादंबरीचा हिंदी अनुवाद करण्याची माझी इच्छा आहे. पहिल्या प्रकरणाच्या 18 पानांचा अनुवाद सोबत जोडला आहे. तो केवळ आपल्या व लेखकांच्या वाचनासाठी आहे.
>
> प्रथम एक माहिती हवी आहे. या कादंबरीचे हिंदी अनुवादाचे हक्क सध्या कोणाकडे आहेत? यापूर्वी ते कोणाला दिले गेले होते का, आणि दिले असल्यास त्यांची मुदत संपली आहे का?
>
> हक्क उपलब्ध असल्यास माझा प्रस्ताव असा आहे:
>
> 1. आपल्या होकाराच्या दिनांकापासून 12 महिने हिंदी अनुवादाची परवानगी केवळ माझ्यासाठी राखून ठेवावी. या काळात मी हिंदी प्रकाशक निश्चित करीन. त्या प्रकाशकाशी करार आपल्या व लेखकांच्या संमतीनेच होईल.
>
> 2. परवानगी हिंदी भाषेतील छापील पुस्तक व ई-पुस्तक यांपुरती, भारत व परदेशातील विक्रीसाठी, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 7 वर्षे असावी. करार झाल्यापासून पुस्तक प्रसिद्ध करण्यास 24 महिने मिळावेत, व एक वर्षात वापर न झाल्यास हक्क संपुष्टात येण्याची तरतूद लागू राहू नये. श्राव्यपुस्तक, नाटक, चित्रपट व अन्य भाषा यांचे हक्क मी मागत नाही.
>
> 3. हिंदी पुस्तकाचे मुखपृष्ठ, शीर्षकपान, सूची व ऑनलाइन विक्रीची पाने यांवर मूळ लेखकासोबत अनुवादक म्हणून माझे नाव असावे. मूळ कादंबरीचे हक्क लेखकाकडेच राहतील. हिंदी अनुवादाच्या मजकुराचे हक्क अनुवादकाच्या नावे नोंदवले जावेत.
>
> 4. हिंदी प्रकाशकाकडून छापील किमतीवर मिळणाऱ्या एकूण रॉयल्टीपैकी निम्मी मूळ हक्कधारकास व निम्मी अनुवादकास, प्रत्येकास थेट व हिशेबासह मिळावी. हा प्रस्ताव चर्चेस खुला आहे.
>
> 5. पूर्ण अनुवाद लेखकांना वाचावयास देईन. त्यांच्या सूचना 45 दिवसांत मिळाव्यात. या मुदतीत न आल्यास मजकूर मान्य आहे असे धरले जावे.
>
> आपले उत्तर या पत्त्यावर किंवा ईमेलवर कळवावे ही विनंती. तीन आठवड्यांनी मी कार्यालयात दूरध्वनी करीन.
>
> कळावे,
> आपली विश्वासू,
> (नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल)
>
> प्रत: मा. (लेखकाचे नाव)

कलमांमागचं कारण

जुन्या हक्कांची चौकशी सगळ्यात आधी ठेवली आहे ती मुद्दाम. एखाद्या हिंदी प्रकाशकाने पूर्वीच परवानगी घेऊन पुस्तक काढलंच नाही, असं घडलेलं असतं, आणि मूळ प्रकाशकालाही ते आठवत नसतं. प्रश्न लेखी विचारला की फाइल काढून बघावी लागते.

श्राव्यपुस्तक मागितलं नाही, याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं. मागितलं की व्यवहार अवघड होतो, कारण मराठी श्राव्य आवृत्तीचे करार अनेकदा वेगळ्या कंपनीशी झालेले असतात. कमी मागितल्यामुळे होकार लवकर येतो. पण एक लक्षात ठेवा: पुढे कोणी हिंदी श्राव्यपुस्तक काढलं आणि त्यात तुमचाच अनुवाद वाचला, तर तुमची वेगळी संमती आणि वेगळे पैसे लागतील. तिसऱ्या कलमात अनुवादाच्या मजकुराचे हक्क तुमच्या नावे असल्यामुळेच हे शक्य होतं. उद्या तुमच्या हिंदीवरून कोणी गुजराती अनुवाद केला तरी हेच. या एका वाक्यावर हटू नका. श्रेयाच्या बाबतीत मुखपृष्ठाऐवजी मलपृष्ठावर नाव, एवढी तडजोड करायची वेळ आली तर विचार करता येईल. मजकुराच्या हक्कावर मात्र तडजोड नको.

श्रेयाच्या जागा एकेक करून लिहिल्या आहेत, कारण ‘योग्य श्रेय दिले जाईल’ या वाक्यातून आतल्या पानावर बारीक अक्षरात नाव येतं आणि विक्रीच्या पानावर तेवढंही येत नाही. आपण अनुवादाचे कर्ते आहोत हे सांगण्याचा हक्क कायद्याच्या कलम 57 मध्ये आहेच. पण नाव मुखपृष्ठावर कुठे छापायचं ते कायदा सांगत नाही. ते करारातच यावं लागतं.

निम्म्या वाटणीला आधार हवा असेल तर इंटरनॅशनल बुकर पारितोषिक आहे. त्याचे 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. 2022 मध्ये गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल यांच्यात, 2025 मध्ये बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांच्यात ते असेच वाटले गेले. पुण्यातल्या प्रकाशकावर याचा फार परिणाम होईल असं नाही, पण लेखकावर होतो. मागणी अवास्तव नाही, एवढं त्यांना पटतं.

रॉयल्टीचं गणित

‘छापील किमतीवर’ हे दोन शब्द पत्रात का आहेत, ते आकड्यांत बघा. समजा हिंदी पुस्तकाची किंमत 350 रुपये, पहिली आवृत्ती 600 प्रतींची आणि एकूण रॉयल्टी 10 टक्के. छापील किमतीवर प्रत्येक प्रतीमागे 35 रुपये. सगळ्या प्रती खपल्यावर 21,000, म्हणजे तुमच्या वाट्याला 10,500.

आता करारात ‘प्रकाशकास प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर’ असं असेल आणि विक्रेत्याला 50 टक्के कमिशन गेलं असेल, तर प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे 175 रुपये येतात. त्याचे 10 टक्के साडेसतरा. सगळ्या 600 प्रतींचे मिळून 10,500 आणि तुमचे 5,250. टक्केवारी तीच, पैसे निम्मे. हिंदीत थोक खरेदीचं, ग्रंथालयांचं कमिशन मोठं असतं, म्हणून हा फरक तिथे फार जाणवतो. प्रकाशक मिळालेल्या रकमेवरच अडून बसला तर टक्केवारी वाढवून मागायची, एवढाच उपाय.

दहा महिन्यांच्या कामाला दहा हजार, हे बघून कोणाचंही मन खट्टू होईल. त्यामुळे अनेक अनुवादक एकरकमी मानधन घेतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. फक्त ते ‘पहिल्या आवृत्तीच्या 600 प्रतींपुरते’ असं लिहून घ्यावं. पुढच्या प्रतींवर रॉयल्टी सुरू झाली पाहिजे. एकरकमी पैसे आणि मजकुराचे कायमचे हक्क अशी जोडी पुढे आली की सही करायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

कधी मूळ प्रकाशक उलट मागणी करतो: ‘‘परवानगी देतो, दहा हजार भरा.’’ हक्कांसाठी आगाऊ रक्कम मागणं चूक नाही, पण ती हिंदी प्रकाशकाने द्यायची असते. उत्तरात तेवढंच नम्रपणे लिहा: ‘आगाऊ रकमेबाबत हिंदी प्रकाशक निश्चित झाल्यावर त्यांच्याशी करारात ठरवता येईल.’

उत्तर आल्यावर

सगळ्यात जास्त येणारं उत्तर हे: ‘आपण सदर कादंबरीचा हिंदी अनुवाद करण्यास आमची हरकत नाही. शुभेच्छा.’ खाली शिक्का आणि सही. नवखा माणूस हे पत्र फ्रेम करून ठेवतो. पण यात मुदत नाही, हिंदी आवृत्ती कोण छापणार ते नाही, परवानगी फक्त तुम्हालाच आहे असं नाही, लेखकाची सही नाही. हेच पत्र उद्या आणखी दोघांना मिळू शकतं. रागावून उपयोग नाही. आभार माना आणि त्यासोबत तुमची पाच कलमं अर्ध्या पानावर टाइप करून, खाली ‘मान्य’ आणि तीन सह्यांच्या जागा (प्रकाशक, लेखक, अनुवादक) ठेवून दोन प्रती पाठवा. तयार कागदावर सही करायला लोक कां-कू करत नाहीत. स्वतः मसुदा करायचा म्हटलं की महिने जातात.

फोनवर होकार मिळाला तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज आपल्याशी बोलणे झाले, त्याप्रमाणे…’ आणि जे ठरलं ते लिहा. त्यावर नुसतं ‘ठीक आहे’ आलं तरी काहीतरी लेखी झालं. तरी करार मात्र सहीचाच हवा.

तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर फोन करा. दुपारी चारनंतर केलेला बरा, सकाळी पार्सलांची गडबड असते. ‘‘पत्र मिळालं का?’’ असं विचारू नका, कारण ‘‘बघतो’’ म्हणून फोन ठेवला जातो. ‘‘हिंदीचे हक्क आधी कोणाला दिले होते का, एवढंच कळलं तर बरं होईल,’’ असा एका वाक्यात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. दोन महिन्यांनी एक स्मरणपत्र. तरीही शांतता असेल तर लेखकाला थेट पत्र, प्रकाशकाला प्रत.

ईमेलसोबत छापील पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. कादंबरी प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली असतील आणि हिंदीत ती उपलब्ध नसेल, तर कलम 32 नुसार कायद्यामार्फत अनुवादाचा परवाना मागता येतो. त्यासाठी दाखवावं लागतं की हक्कधारकाकडे परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली, किंवा पुरेसा शोध घेऊनही हक्कधारक सापडला नाही. वेळ आणि खर्च बघता पहिल्या पुस्तकासाठी कोणी त्या वाटेने जाऊ नये असं माझं मत. पण हक्कधारकाचा पत्ताच लागत नसलेल्या जुन्या कादंबऱ्यांच्या बाबतीत तीच एक वाट उरते, आणि तिथे स्पीड पोस्टची ती पावती आणि परत आलेलं पाकीट हेच तुमचे कागद असतात.

नकार आला तर कारण विचारा. ‘‘दुसऱ्याला दिले आहेत’’ हे कारण असेल तर मुदत कधी संपते ते विचारून तारीख लिहून ठेवा. ‘‘लेखकांना नमुना आवडला नाही’’ असेल तर कुठला परिच्छेद खटकला ते विचारा. बोलीतले संवाद हिंदीत सपाट झाले, ही तक्रार नेहमीची आहे. तेवढी दोन पानं पुन्हा करून पाठवली की काही वेळा होकार येतो. ‘‘आम्ही स्वतःच हिंदी आवृत्ती काढणार आहोत’’ असं उत्तर असेल तर हेच पत्र थोडं बदलून परत पाठवा. मग मात्र ‘मला रॉयल्टी किती द्याल?’ हा प्रश्न योग्य माणसाला विचारलेला असेल.